‘रविवारी रात्री १२ पासून नेटवर्क बंद’: अशी नोटीस काढताना आणि वाचताना या चुका टाळा

आमच्या ऑफिसात नेटवर्कचा मुख्य स्विच बदलायचा होता. त्याला जोडलेले तीन मजले, सर्व्हर, वायफाय, टेलिफोन, सगळंच काही तास बंद पडणार होतं. मी नोटीस काढली: ‘नेटवर्क मेंटेनन्समुळे रविवार, १९ तारखेला रात्री १२ पासून सुमारे ८ तास सेवा उपलब्ध नसेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ या दोन ओळींत चुका ठासून भरल्या होत्या, हे सोमवारी कळलं.

पहिली चूक वेळेची. माझ्या डोक्यात शनिवार संपून रविवार सुरू होण्याची मध्यरात्र होती. अकाउंट्समधल्या मॅडमनी मात्र रविवारचा दिवस संपल्यावरची रात्र धरली, आणि बोलण्यातली मराठी पाहता त्यांचंच बरोबर होतं. आपण ‘रविवारी रात्री’ म्हणतो तेव्हा रविवारचं जेवण झाल्यानंतरचीच वेळ डोळ्यांपुढे येते. सोमवारी २० तारीख, म्हणजे दर महिन्याला जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांची शेवटची तारीख. त्यामुळे त्या शनिवारी रात्री घरून व्हीपीएन लावून सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमधल्या एक्सेलमध्ये ताळा जुळवत बसल्या होत्या. बाराच्या ठोक्याला व्हीपीएन तुटलं. सेव्ह दाबलं तर एरर. त्यांनी वैतागून फाइल बंद केली, ‘सेव्ह करू का’ या प्रश्नाला ‘नको’ म्हटलं, आणि तीन तासांचं काम गेलं.

म्हणून नोटिशीत १२ हा आकडा टाळा. ११:०० किंवा ११:५९ लिहा, आणि दोन्ही टोकांना वार आणि तारीख द्या. ‘वीकेंडला’ हा शब्दही फसवा आहे. कुणाला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, कुणाला सगळेच शनिवार अर्धा दिवस. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करणारी टीम असेल तर आणखी जपा. शुक्रवारी रात्री १० वाजता काम सुरू केलं तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शुक्रवारचेच दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. आपला वीकेंड लागला, त्यांचा लागलेला नाही.

मॅडमची फाइल वाचू शकली असती, हे जास्त लागतं. शेअर्ड फोल्डरशी संपर्क तुटला तरी उघडी फाइल आपल्या लॅपटॉपच्या मेमरीत शाबूत असते. सेव्ह होत नसेल तर खिडकी बंद करू नका. ‘सेव्ह ॲज’ घेऊन डेस्कटॉपवर ठेवा आणि नेटवर्क आल्यावर मूळ जागी हलवा. अर्थात खरा उपाय आधीचा: बंद व्हायच्या अर्धा तास आधी सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करायच्या. टॅलीचा डेटा सर्व्हरवर असेल तर त्यातून बाहेरच पडायचं. एंट्री चालू असताना मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडू शकतो, मग डेटा दुरुस्त करत बसा आणि बॅकअप शोधा.

दुसरी चूक ‘नेटवर्क’ या शब्दाची. आमच्या निम्म्या लोकांनी त्याचा अर्थ ‘इंटरनेट’ घेतला. ‘मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावीन की,’ असं एकाने मला तोंडावर सांगितलं. हॉटस्पॉटवर वेबसाइट दिसेल, वेबवरची मेलही बहुधा चालेल, पण सर्व्हरवरचे फोल्डर, प्रिंटर, व्हीपीएन, घरून ऑफिसच्या पीसीत शिरणं यातलं काहीच मिळणार नाही. नोटिशीत तांत्रिक कारण एका ओळीत आटपा आणि काय-काय थांबेल ते लोकांच्या शब्दांत लिहा.

यात हमखास विसरल्या जातात त्या स्विचमधून वीज घेणाऱ्या वस्तू. टेबलावरचे आयपी फोन, छतावरचे वायफायचे डबे, बरेचसे कॅमेरे यांना वेगळं प्लग नसतं. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज येते. स्विच बंद म्हणजे ती वस्तूच मेली. मी नोटिशीच्या तळाशी मदतीसाठी ऑफिसचा एक्स्टेन्शन नंबर दिला होता. ज्या रात्री सगळे फोन मृत, त्या रात्रीसाठी! आता तिथे मोबाइल नंबर असतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थांबणार असेल तर सिक्युरिटीच्या माणसाला प्रत्यक्ष भेटून सांगा, तो मेल वाचत नाही. हजेरीच्या पंचिंग मशीनला स्वतःची वीज असेल तर बहुतेक मशीनं पंच स्वतःजवळ साठवतात आणि नंतर पाठवतात. तिची वीज केबलमधूनच येत असेल, तर रविवारच्या शिफ्टसाठी रजिस्टर ठेवावं लागतं.

तिसरी चूक सोमवारची. ‘काम झालं’ असा मेसेज रविवारी सकाळी टाकून मी झोपलो. सोमवारी नऊ वाजता दुसऱ्या मजल्यावर कुणालाच काही दिसेना. लोक पीसी पुन्हा-पुन्हा रीस्टार्ट करत होते, एकाने तर केबल काढून शेजारच्या भोकात घातली. हे करू नका. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` टाकून आयपी पत्ता पाहा. तो `169.254` ने सुरू होत असेल तर पीसीला पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. मग हे करून पाहा:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

खरा पत्ता आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर शेजाऱ्याचा पत्ता बघा. त्याचाही तोच प्रकार असेल तर दोष तुमच्या पीसीत नाही, स्विचच्या किंवा सर्व्हरच्या बाजूला आहे. ‘माझं नेट चालत नाही’ ऐवजी ‘दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांना 169.254 येतंय’ असं कळवा. आमच्याकडे तेच होतं. नव्या स्विचवर दुसऱ्या मजल्याच्या पत्त्याच्या मागण्या सर्व्हरकडे पोचवणारी एक ओळ लिहायची राहिली होती. तक्रार नीट शब्दांत आली तेव्हा दहा मिनिटांत सुटली, त्याआधी पाऊण तास मी एकेक पीसी तपासत होतो. तेव्हापासून रविवारी निघण्यापूर्वी मी प्रत्येक मजल्यावर एक पीसी लावतो, एक प्रिंट काढतो आणि एक फोन फिरवतो.

पुढच्या वेळी, जुन्या फायरवॉलच्या जागी नवी बसवताना, नोटीस अशी गेली:

‘शनिवार, २५ तारीख, रात्री ११:०० ते रविवार, २६ तारीख, सकाळी ७:०० या वेळेत नवी फायरवॉल बसवणार आहोत. या काळात ऑफिसातलं इंटरनेट, व्हीपीएन आणि घरून ऑफिसच्या पीसीत शिरणं बंद राहील. टेबलावरच्या फोनवरून बाहेर कॉल लागणार नाहीत. शेअर्ड फोल्डर आणि प्रिंटर ऑफिसात बसणाऱ्यांना चालू राहतील. घरून काम करणाऱ्यांनी १०:३० पर्यंत फाइली सेव्ह करून बंद कराव्यात आणि रविवारी लागणाऱ्या फाइलींची प्रत लॅपटॉपवर घ्यावी. ज्यांचा पासवर्ड सोमवारपर्यंत संपतोय त्यांनी तो शुक्रवारीच बदलावा. पहाटे ३ पर्यंत जुळलं नाही तर जुनी फायरवॉल परत लावू. काहीही झालं तरी रविवारी सकाळी ७:३० ला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येईल.’

ही नोटीस मंगळवारी मेलवर गेली, शुक्रवारी दुपारी पुन्हा, आणि शनिवारी रात्री १० वाजता फक्त व्हॉट्सॲपवर. मॅडमनी वाचून एकच प्रश्न विचारला: ‘जुनी परत लावलीत तर पुन्हा कधी करणार? ११ तारखेला आमचा जीएसटीआर-१ असतो.’ पर्यायी तारीख आम्ही ठरवलीच नव्हती.