पाणीबिल जास्त आलं? मीटरला दोष देण्याआधी दिवस मोजा, आणि या चुका टाळा

गणपती झाले की आमच्याकडे किनाऱ्यावरच्या गावात दोन गोष्टी हमखास होतात, चाकरमानी मुंबईला परत जातात आणि मागे पाण्याचं बिल येतं. यंदा मावशीचं १२२५ रुपये आलं, एरवी सहाशेच्या आत असतं. तिने लगेच मीटर खराब म्हणून अर्ज लिहायला घेतला. इथेच पहिली चूक होते, कारण मीटर बरोबर असूनही बिल चुकीचं असू शकतं.

मीटर आधी बघितलाच, सगळे नळ बंद केले आणि डायलवरचं छोटं चक्र पाच मिनिटं बघत बसलो, हललं नाही म्हणजे गळती नाही. आकडे वाचताना काळेच घ्यायचे हां, लाल आकडे युनिटच्या आतले असतात, तेपण धरले तर वापर कायच्या काय दिसतो. एक युनिट म्हणजे हजार लिटर. मागचं रीडिंग १२८६, आताचं १३४७, म्हणजे ६१ युनिट. घरात आठवडाभर बारा माणसं होती, त्यामुळे हे पटण्यासारखं होतं.

मग घोळ कुठे? तारखांत. बिलावर वर मोठ्या अक्षरात दोन महिन्यांचा कालावधी छापलेला असतो आणि आपण तोच धरून चालतो. खरी तारीख रीडिंगची, ती खाली बारीक असते. मावशीचं मागचं रीडिंग १२ जुलैला आणि आताचं २४ सप्टेंबरला, कारण मधे पावसात मीटरचा खड्डा भरलेला आणि रीडिंगवाला आला तो उशिराच. म्हणजे बिल ६० दिवसांचं नाही, ७४ दिवसांचं.

आता तिच्या बिलावरचे दर बघा (तुमच्याकडे वेगळे असतील, पद्धत तीच). महिन्याला पहिले १५ युनिट १० रुपयांनी, पुढचे १० युनिट १५ रुपयांनी, त्याच्यावर २५ रुपयांनी. दोन महिन्यांचे स्लॅब झाले ३० आणि २०. बिलात ६१ युनिट असे लावलेले: ३० चे ३००, २० चे ३०० आणि उरलेल्या ११ चे २७५, एकूण ८७५. पण वापर ७४ दिवसांचा आणि स्लॅब ६० दिवसांचा, हे जमत नाही. स्लॅबपण दिवसांप्रमाणे वाढवायचा, ३० ला ६० ने भागून ७४ ने गुणलं की ३७ येतात आणि २० चे साधारण साडेचोवीस. मग ३७ युनिटचे ३७० आणि २४ चे ३६०, झाले ७३०. तिसरा स्लॅब लागतच नाही.

घाईत असाल तर फक्त रोजचा वापर काढा. ६१ भागिले ७४ म्हणजे दिवसाला सव्वाआठशे लिटर, त्या हिशोबाने ६० दिवसांत ५० युनिटसुद्धा होत नाहीत, मग ५० च्या वरचा दर आला कुठून?

मलनिस्सारण आकार मुकाट्याने भरणं ही पुढची चूक. तो इथे पाण्याच्या रकमेच्या ४० टक्के होता, म्हणजे पाण्यात १४५ रुपये जास्त लागले की त्यावर आणखी ५८ आपोआप चढतात. बरोबर बिल १०२२, म्हणजे फरक २०३ चा. आणि आपल्याकडे कितीतरी घरांना ड्रेनेज लाईनच नाही, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे, तर हा आकार कशाबद्दल ते विचारा आणि घरपट्टीतही मलनिस्सारण कर लागलाय का ते बघा.

"पुढचं बिल कमी दिवसांचं येईल, भरून निघेल" असं शेजारचे काका म्हणाले. नाही निघत. पुढचं रीडिंग ९ नोव्हेंबरला झालं तर ४६ दिवस, माणसं कमी, समजा २८ युनिट. ते सगळे पहिल्याच स्लॅबमध्ये बसतात, वरची रिकामी जागा मागच्या बिलाला मिळत नाही. मात्र दिवसांप्रमाणे स्लॅब मागितला तर तो पुढच्या बिलालाही लागणार, पहिला स्लॅब २३ वर येणार आणि पाण्याचे २८० ऐवजी ३०५ होणार. तेवढं मान्य ठेवूनच अर्ज करा, तरी फायदाच आहे.

आणि अर्जाआधी दरपत्रक नक्की वाचा, ते न वाचता भांडायला जाणं सगळ्यात महागात पडतं. स्लॅब "दरमहा" लिहिलेला असेल तर तुमचं म्हणणं पक्कं, "प्रति बिल" असेल तर अवघड आहे, तेव्हा मागणी रीडिंग वेळेवर घेण्याची करावी लागते. मावशीच्या दरपत्रकात दरमहा होतं. अर्जात मीटरबद्दल एक शब्द लिहिला नाही, फक्त दोन रीडिंग, दोन तारखा, ७४ दिवस आणि वरचा हिशोब, सोबत मीटरचा तारीख दिसेल असा फोटो. काउंटरवरच्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर तोच हिशोब परत केला आणि दुरुस्त बिल १०२२ चं दिलं.