विक्रेत्यांच्या जेवणात बोलणं सुरू करणारा प्रश्न

जळगावात ठिबक कंपनीत सेल्स ट्रेनी म्हणून लागलेल्या एका मुलाला डीलर लोकांच्या भरीत पार्टीची धास्ती वाटायची. "धंदा कसा चाललाय, भाऊ?" असं विचारलं की "बरा आहे" एवढंच उत्तर मिळे आणि गप्पा तिथेच थांबत.

एकदा त्याने रावेरच्या डीलरला सरळ विचारलं, "भाऊ, मी नवीन आहे. शेतकरी तुमच्याकडे सगळ्यात जास्त कोणती तक्रार घेऊन येतात?" भाऊ खुलले. केळीच्या बागेत क्षारांमुळे ड्रिपर चोंदतात, फिल्टर वेळेवर धुतला जात नाही, आणि दोष मात्र नळीला लागतो! त्यावर त्याने फक्त "मग तुम्ही काय करता?" असं विचारलं. आपल्या मालाचा विषय काढला नाही. हे फार महत्त्वाचं, कारण तिथे कॅटलॉग उघडला की तो प्रश्न खोटा ठरतो.

उत्तर खरंच हवं असेल तरच विचारा. समोरचा एका शब्दात उत्तर देऊन ताटाकडे वळला, तर दुसरा प्रश्न रेटू नका, शांतपणे जेवू द्या. ऐकलेली तक्रार घरी गेल्यावर वहीत लिहा. पुढच्या भेटीत "त्या फिल्टरचं काय झालं?" असं विचारता येतं.