एका बिलात ५ आणि १८ टक्के: सूट लावताना या चुका टाळा

घाऊक किराणा दुकानातलं साधं बिल घ्या. अंगाचा साबण २०,००० रुपयांचा, जीएसटी ५ टक्के. कपडे धुण्याची पावडर १०,००० रुपयांची, जीएसटी १८ टक्के. गिऱ्हाईक जुनं, म्हणून अख्ख्या बिलावर १० टक्के सूट ठरली. एवढ्याशा बिलात तीन-चार प्रकारे घोळ घालता येतो आणि लोक तो नेमाने घालतात.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे आधी कर लावायचा आणि मग एकूण रकमेतून १० टक्के कापायचे. ती सापडत नाही, कारण शेवटचा आकडा बरोबर येतो. साबणावर १,००० आणि पावडरवर १,८०० मिळून २,८०० रुपये कर झाला. बिल ३२,८०० चं, त्यातून ३,२८० वजा, गिऱ्हाइकाने द्यायचे २९,५२०. आता नीट रीत बघा. सूट आधी कापली की साबण १८,००० आणि पावडर ९,००० उरते. कर ९०० आणि १,६२०, म्हणजे २,५२०. एकूण पुन्हा २९,५२०च! गिऱ्हाईक खूश, गल्ल्यात रक्कम तीच, मग बिघडलं काय? पहिल्या बिलात कर २,८०० छापलाय आणि रिटर्नमध्येही तोच जाणार. मालाचे २७,००० सुटायला हवे होते, हातात राहिले २६,७२०. २८० रुपये दुकानदाराच्या खिशातून गेले, तेही एका बिलात.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. विक्रीच्या वेळी किंवा आधी दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वगळता येते (सीजीएसटी कायदा, कलम १५). ‘बिलावर दाखवलेली’ हे शब्द महत्त्वाचे. तोंडी सूट देऊन रोख कमी घेतली, तर कर पूर्ण रकमेवरच भरावा लागतो. म्हणून एकूण बेरजेवर नाही, तर त्या त्या मालाची सूट त्याच्याच ओळीत, कराच्या रकान्याच्या आधी दिसली पाहिजे.

दुसरी चूक ठोक सुटीची. ‘बिलावर तीन हजार कमी करा’ म्हटलं की घाई असलेला माणूस ते सगळे पावडरमधून वजा करतो, कारण तिथे दर जास्त. मग पावडर ७,००० राहते, कर १,२६०. साबणाचे १,००० धरून २,२६०, म्हणजे २६० रुपये कर कमी. सूट खरोखर फक्त पावडरवरच दिली असेल तर हरकत नाही, पण मग ती पावडरच्या ओळीत तशी लिहा. अख्ख्या बिलावर दिली असेल तर किमतीच्या प्रमाणात वाटा: साबण दोन भाग, पावडर एक भाग, म्हणजे २,००० आणि १,०००. भाग नीट जात नसेल तर पैशांपर्यंत आकडा धरून उरलेला पैसा शेवटच्या ओळीत टाका. पॅकिंगचा किंवा गाडीभाड्याचा खर्च बिलात लावला असेल तर तोही याच प्रमाणात वाटून मिळवायचा. टॅलीत सुटीच्या लेजरला `Based on Value` निवडलं की ही वाटणी आपोआप होते. तो पर्याय न बघता दर वेळी कॅल्क्युलेटर बडवणारे कमी नाहीत.

दोन दरांची सरासरी काढून ११.५ टक्के लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं! २७,००० वर ३,१०५ रुपये होतात, ५८५ जास्त.

एमआरपीत कर धरलेला असतो. १८ टक्क्यांच्या मालाची एमआरपी १,१८० असेल तर १०० ने गुणून ११८ ने भागा, मूळ रक्कम १,००० मिळेल. १,१८० चे १८ टक्के काढून वजा करू नका.

साबण आणि पावडर मिळून एकाच किमतीचा भेटसंच केलात तर हिशोब बदलतो, संपूर्ण संचाला जास्तीचा दर लागतो. एका बिलात वेगवेगळ्या ओळींवर विकलं तर मात्र ज्याचा त्याचा दर.

विक्रीनंतरच्या सुटीचं, म्हणजे तिमाही टार्गेटच्या स्कीमचं, प्रकरण वेगळं. जुन्या बिलात हात घालायचा नाही, क्रेडिट नोट काढायची. ती जीएसटीसह काढायची असेल तर मूळ बिलांतल्या दरांप्रमाणे फोड हवी आणि खरेदीदाराने तेवढं इनपुट क्रेडिट उलटवायला हवं. हे जमत नसेल तर जीएसटीशिवाय नुसती व्यापारी क्रेडिट नोट द्या. तुमचा कर कमी होणार नाही, पण त्याला क्रेडिटही उलटवावं लागणार नाही. इथे एक खाच आहे. अंगाच्या साबणवडीचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ झाला. त्याआधीच्या बिलावरची नोट आज काढली तरी तिच्यात १८ टक्केच येतात. जीएसटीसह नोट रिटर्नमध्ये दाखवायची मुदत विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथेच संपते.