के-वन फियान्से व्हिसा: ९० दिवसांत लग्न कसं बसवायचं आणि तारीख पुढे गेली तर काय करायचं

मुलगा अमेरिकन सिटिझन, मुलगी नाशिकची, साखरपुडा झालाय आणि के-वन व्हिसा मिळालाय किंवा मिळायच्या बेतात आहे, अशा घरांसाठी हे लिहितोय. मुलगी तिकडची आणि मुलगा इकडचा असला तरी नियम तेच. या व्हिसासाठीची पिटिशन I-129F कशी भरायची यावर भरपूर माहिती मिळते, पण व्हिसा मिळाल्यानंतर तारखांचा जो घोळ होतो त्यावर घरात कोणी बोलत नाही आणि सगळं नेमकं तिथेच अडकतं.

आधी: इथे लग्न लावायचं नाही

के-वन हा फक्त न झालेल्या लग्नासाठी असतो: अमेरिकेत उतरायचं आणि ९० दिवसांत तिथेच लग्न करायचं. पण आपल्याकडे आजी म्हणते की पोरगी एवढ्या लांब चालली, घरच्या घरी मंगळसूत्र घालून पाठवू, रजिस्टर नाही केलं म्हणजे झालं. हे चुकीचं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ प्रमाणे रीतीने विधी झाले, आणि सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं, की लग्न पूर्ण होतं, रजिस्ट्रेशन हा फक्त त्याचा पुरावा. म्हणजे गंगापूर रोडच्या लॉनवर सप्तपदी झाली की के-वन संपला, मग नवऱ्याने बायकोसाठीची I-130 पिटिशन नव्याने भरायची आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. साखरपुडा जरूर करा, पण तो साखरपुडाच दिसू द्या. अंतरपाट, हार, डोक्यावर अक्षता असे फोटो मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये ऑफिसरसमोर गेले तर लग्न आधीच झालंय का हा प्रश्न येणारच.

दोन तारखा, दोन्ही वेगळ्या

पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर जी शेवटची तारीख असते, जास्तीत जास्त सहा महिन्यांची, ती अमेरिकेत शिरण्याची मुदत आहे. लग्नाची नाही. लग्नाचे ९० दिवस मोजायला सुरुवात होते तुम्ही तिकडच्या एअरपोर्टवर इमिग्रेशनमधून बाहेर पडता तेव्हा. लोक व्हिसावरची तारीख बघून निवांत बसतात आणि मग गडबड होते.

उतरल्यावर दोन-तीन दिवसांत i94.cbp.dhs.gov वर जाऊन स्वतःचा I-94, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, काढा. त्यात `Class of Admission` समोर `K1` आणि `Admit Until Date` समोर एक तारीख असेल. हीच तुमची तारीख, बोटं मोजून स्वतः काढलेली तारीख धरू नका कारण एका दिवसाचा फरक पडू शकतो. क्लास किंवा तारीख चुकीची छापून आली असेल तर त्या भागातल्या सीबीपीच्या, म्हणजे एअरपोर्टवर शिक्का मारणाऱ्या खात्याच्या, डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसला लगेच संपर्क करून दुरुस्त करून घ्या, ती चूक पुढे प्रत्येक फॉर्मवर नडते. आणि व्हिसा सिंगल एंट्री असतो, एकदा शिरलात की वापरून झाला. लग्नासाठी परत नाशिकला येतो आणि मग जातो, असं या व्हिसावर होत नाही.

विमानाची तारीख मुहूर्तावरून ठरवा

आपल्या हातात खरं तर एवढी एकच गोष्ट असते, कधी उडायचं. बाकी सगळं त्यावरून ठरतं. आणि घरी सगळे उलटं करतात, व्हिसा आला की स्वस्तातलं पहिलं तिकीट काढतात आणि मुहूर्त नंतर बघतात.

एक उदाहरण धरू. समजा सिडकोतल्या एका मुलीचा व्हिसा १० जुलै २०२६ ला मिळाला, नवरामुलगा न्यू जर्सीत एडिसनला. ती २५ जुलैला उतरली तर I-94 वरची तारीख येईल ऑक्टोबरच्या २२-२३ ला. आता कॅलेंडर उघडा: जुलैच्या शेवटी आषाढी, तिथून चातुर्मास लागला तो थेट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कार्तिकीपर्यंत, मध्ये पितृपक्ष. म्हणजे मुहूर्त पाहणाऱ्या घरासाठी ते सगळे ९० दिवस कोरडे गेले, चातुर्मास चार महिन्यांचा आणि मुदत तीन महिन्यांची. तीच मुलगी १ ऑक्टोबरला उतरली तर मुदत डिसेंबरच्या अखेरपर्यंत जाते आणि तुळशीचं लग्न झाल्यावर महिनाभर हातात राहतो. व्हिसा जानेवारीपर्यंत चालतोय, त्यामुळे थांबायला काहीच अडचण नव्हती. फक्त व्हिसावर छापलेली खरी तारीख बघूनच थांबा, मेडिकल जुनं असेल तर ती सहा महिन्यांपेक्षा कमीही असते.

नाशिककरांना आणखी एक प्रश्न आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ सुरू होतोय आणि गोदाकाठच्या बऱ्याच घरांत सिंहस्थात लग्न करत नाहीत. ज्यांच्याकडे हे पाळतात त्यांनी गुरुजींशी तिकीट काढायच्या आधी बोलून घ्या, नंतर नाही, कारण गुरुजी तोड सांगतील पण अमेरिकेचं इमिग्रेशन सिंहस्थासाठी एक दिवसही वाढवून देणार नाही.

तिकडे गेल्यावर: लायसन्स, मग लग्न

तिथे लग्नाआधी मॅरेज लायसन्स काढावं लागतं. लायसन्स म्हणजे लग्न नाही, ती लग्न करायची परवानगी. देवळात भटजींनी साग्रसंगीत लग्न लावलं पण लायसन्स नव्हतं तर न्यू जर्सीत ते कायद्याने लग्न धरत नाहीत, आणि उलट लायसन्स काढून ठेवलं पण विधी मुदतीत झाला नाही तरी उपयोग नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यू जर्सीत तुम्ही राहता त्या गावाच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, सोबत १८ वर्षांवरचा एक साक्षीदार न्यायचा आणि अर्जानंतर ७२ तास थांबायचं. न्यूयॉर्कला २४ तास, कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही. विधी झाल्यावर लावणारा माणूस, भटजी असोत की जज, कागदावर सही करून तो रजिस्ट्रारकडे परत देतो आणि मग तुम्ही सर्टिफाइड कॉपी मागायची. सर्टिफिकेट हातात कधी आलं याला महत्त्व नाही, लग्नाची तारीख I-94 च्या आत पाहिजे.

माझं स्पष्ट मत आहे की कायद्याचं लग्न पहिल्या महिन्यातच उरकून टाका, आणि हौसेचं लग्न, मेहंदी, वरात, जे काय असेल ते नंतर हॉल मिळेल तेव्हा. घरच्यांना हे पटत नाही, मुलगी कोर्टात सही करून सासरी राहिली हे ऐकायला त्यांना बरं वाटत नाही, पण मुदतीत काही विपरीत झालं तर जो त्रास होतो तो त्या मुलीलाच होतो.

मध्येच काही झालं तर

वरच्याच उदाहरणात धरा की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाचे आजोबा इकडे वारले. सुतक तेरा दिवस, घरातले म्हणतात वर्षभर शुभकार्य नको. मुदत मात्र डिसेंबरअखेरच संपते. एक्स्टेन्शन नावाचा प्रकार या स्टेटसला नाही, आजारपण असो, मृत्यू असो, हॉल रद्द होवो. अशा वेळी लायसन्स काढा, ७२ तास थांबा, मेयर किंवा जजसमोर साधं लग्न लावा आणि धार्मिक विधी वर्षाने करा. त्याला सण-समारंभ म्हणायची गरज नाही, कागदाचं काम म्हणून केलं तरी चालतं. म्हणूनच शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेवायचे, नाताळाच्या सुट्टीत सरकारी ऑफिसं बंद असतात हेही धरायचं.

तरीही तारीख गेली

गेलीच, पण लग्न त्याच माणसाशी होणार असेल तर दार पूर्ण बंद होत नाही. लग्न करा आणि नवऱ्याने I-130 भरायचा, सोबत तुमचा ग्रीन कार्डचा I-485. वेळेत लग्न झालं असतं तर I-130 लागला नसता. एप्रिल २०२४ च्या दराने कागदावर भरायची त्याची फी ६७५ डॉलर, म्हणजे तो जादा खर्च. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की I-94 संपल्यापासून I-485 दाखल होईपर्यंत तुम्ही बेकायदा राहताय, त्या काळात डिपोर्टेशनची कारवाई सुरू होऊ शकते. या स्थितीत इमिग्रेशन वकिलाशिवाय एकही फॉर्म पाठवू नका.

आणि घाबरून विमानात बसायची घाईही करू नका, आधी दिवस मोजा. बेकायदा राहणं १८० दिवसांच्या पुढे गेलं आणि मग देश सोडला तर तीन वर्षांची बंदी लागते, वर्षभर किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. बंदी लागते ती बाहेर पडल्यावर.

लग्न मोडलं तर गोष्ट वेगळी. के-वनवर आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाशी लग्न करून तिथेच राहून ग्रीन कार्ड मिळत नाही, आणि एच-वन किंवा स्टुडंट स्टेटसवरही बदलता येत नाही, कंपनी कितीही मोठी असो. I-94 च्या तारखेआधी परत या. वेळेत परत आलेल्या मुलीच्या रेकॉर्डवर ओव्हरस्टेचा डाग राहत नाही. मुलगा मुद्दाम आजउद्या करतोय, पासपोर्ट काढून घेतलाय, मारहाण करतोय असं असेल तर "मुदत संपेल" या भीतीने त्याच्याशी लग्न करू नका, घरी कळवा आणि तिकडच्या घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनला १-८००-७९९-७२३३ वर फोन करा.

तोच जोडा पुन्हा प्रयत्न करणार असेल तर एक लक्षात ठेवा, आधी मंजूर झालेली I-129F दाखल करून दोन वर्षं झाली नसतील तर नव्या अर्जासोबत वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट, मागावा लागतो. त्यापेक्षा इकडेच लग्न करून I-130 चा रस्ता धरलेला बरा.

लग्न झालं, आता लगेच काय

I-485 लवकरात लवकर टाका, सोबत कामाच्या परवानगीसाठी I-765 आणि प्रवासाच्या परवानगीसाठी I-131. लग्न मुदतीत झालं असेल तर I-485 ९० दिवसांनंतर टाकला तरी चालतो, पण तोपर्यंत स्टेटस नसतं म्हणून उशीर करू नका. नाशिकचं रिसेप्शन ठरवताना हॉलला ॲडव्हान्स द्यायच्या आधी I-131 वरचा ॲडव्हान्स पॅरोल हातात आलाय का ते बघा, तो किंवा ग्रीन कार्ड यायच्या आधी देश सोडला तर I-485 सोडून दिला असं धरतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.