‘सो डू आय’पासून ‘नो, वी डोन्ट’पर्यंत: इंग्रजीतली छोटी उत्तरं कशी द्यावीत

‘डू यू लिव्ह इन सांगली?’ असं कुणी विचारलं तर ‘येस, आय लिव्ह इन सांगली’ असं अख्खं वाक्य म्हणायला आपल्याकडे अजून शिकवतात. असं कुणी बोलत नाही. नुसतं ‘येस’ चालतं, पण ते तुटक लागतं. बोलण्यात येतं ते ‘येस, आय डू’. अशाच छोट्या उत्तरांत ‘मी पण’साठी ‘सो’ आणि ‘मी पण नाही’साठी ‘नायदर’ येतं, त्यांचे तक्ते मात्र पाठ करू नका. तक्ता आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. सवय लावायची ती कानाला.

आधी समोरच्याच्या वाक्यातलं सहायक क्रियापद पकडा. ‘आर यू कमिंग?’ला ‘येस, आय अॅम’, ‘कॅन यू ड्राइव्ह?’ला ‘येस, आय कॅन’. ‘येस’नंतरचं रूप आखडायचं नाही, म्हणजे ‘येस, आय’म’ हे उत्तर होत नाही.

‘मी पण’ म्हणायचं असेल तर तेच क्रियापद ‘सो’च्या नंतर आणि स्वतःच्या आधी ठेवा. ‘आय अॅम टायर्ड’, ‘सो अॅम आय’. जोर शेवटच्या ‘आय’वर. लोक अडखळतात ते सहायक क्रियापद दिसत नाही तेव्हा. ‘आय वर्क इन मिरज’ यात ते दडलेलं असतं, म्हणून ‘सो डू आय’. ‘आय वर्क्ड’ असेल तर ‘सो डिड आय’. बहिणीबद्दल सांगायचं असेल तर ‘सो डझ माय सिस्टर’. ‘हॅव’ जरा नीट ऐका: ‘आय हॅव फिनिश्ड’ला ‘सो हॅव आय’, पण ‘आय हॅव टू गो’ला ‘सो डू आय’, कारण तिथे ‘हॅव’ सहायक नाही.

‘मी पण नाही’साठी ‘नायदर’. ‘आय अॅम नॉट हंग्री’, ‘नायदर अॅम आय’. नकार ‘नायदर’मध्येच आला, पुन्हा ‘नॉट’ घालू नका. वाक्यात ‘नॉट’ नसून ‘नेव्हर’ असेल तरी तो नकारच: ‘आय नेव्हर ईट भडंग’, ‘नायदर डू आय’. ‘नायदर’ म्हणा की ‘नीदर’, दोन्ही उच्चार बरोबर आहेत. त्यावर वर्गात वेळ घालवणं मला पटत नाही.

आता खरी अडचण, जी व्याकरण पक्कं असलेल्यांनाही नडते. प्रश्नातच नकार असला की मराठी माणूस समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो: ‘तुम्ही गंधक वापरत नाही ना?’, ‘हो, नाही वापरत.’ इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या म्हणण्याला नसतात, वस्तुस्थितीला असतात. वापरत असाल तर ‘येस’, नसाल तर ‘नो’. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी यात बदल नाही.

माझ्याकडे तासगावचा एक बेदाणा उत्पादक शिकायला येत होता. बेदाण्याला गंधकाची धुरी द्यायची नाही, हा त्याचा नियम. परदेशी खरेदीदारानं फोनवर विचारलं, ‘सो यू डोन्ट यूज सल्फर?’ हा मनात ‘हो, नाही वापरत’ म्हणाला आणि तोंडातून आलं, ‘येस, येस.’ तिकडे ते डळमळीत वाटलं. खरेदीदारानं पुन्हा विचारलं, ‘यू डोन्ट, डू यू?’ पुन्हा ‘येस’. आता मात्र ‘हो, वापरतो’ असाच अर्थ पोचला आणि नमुन्याची बोलणी तिथेच अडकली. माल शुद्ध होता, उत्तर उलटं गेलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, नकारार्थी प्रश्नाला एकटं ‘येस’ किंवा ‘नो’ कधीही देऊ नका. शेपूट जोडाच. आणि विचार शेपटापासून सुरू करा: मी वापरत नाही, म्हणजे ‘वी डोन्ट’, ‘डोन्ट’ आलं की पुढे ‘नो’च लागणार. ‘नो, वी डोन्ट’. ‘येस, वी डोन्ट’ असं जोडलंत तर ऐकणारा गोंधळतो, आणि तुमच्याही कानाला ते खटकायला लागलं की समजा सवय बसली. जीभ ‘हो’कडेच वळत असेल तर ‘दॅट्स राइट, वी डोन्ट’ म्हणा. समोरच्यानं विधानाच्या सुरात विचारलं असेल तिथे हे अगदी सहज बसतं.

सराव जोडीनं करा आणि उत्तरं खरी द्या. ‘यू डोन्ट लिव्ह इन सातारा, डू यू?’ असे प्रश्न भराभर विचारा, मध्येच साधा प्रश्न टाका. खोटी उत्तरं देऊन केलेला सराव निरुपयोगी, कारण इथे बसवायचं आहे ते वस्तुस्थिती आणि ‘येस-नो’ यांचं नातं.

एक प्रश्न मात्र वेगळा लक्षात ठेवा. ‘डू यू माइंड इफ आय सिट हियर?’ म्हणजे ‘मी बसलो तर हरकत आहे का?’ बसू द्यायचं असेल तर उत्तर ‘नो, नॉट अॅट ऑल’.