‘की’ आणि ‘असे’ यांपैकी काय वापरले, त्यावर वाक्याचा क्रम ठरतो

‘की’ने जोडलेल्या वाक्यात सांगणारे मुख्य वाक्य आधी आणि सांगितलेला मजकूर नंतर येतो, ‘असे’ किंवा ‘म्हणून’ वापरल्यास मजकूर आधी येतो आणि ‘सांगितले’, ‘ठरवले’ यांसारखे क्रियापद त्यानंतर येते. ‘विहिरीतील गाळ मेअखेर काढावा की ग्रामसभेने ठरवले’ हे वाक्य तपासण्यासाठी ते ‘की’पाशी तोडावे. डावीकडे ठरवण्याचे क्रियापदच सापडत नाही, म्हणजे क्रम उलटला आहे. ते ‘ग्रामसभेने ठरवले की विहिरीतील गाळ मेअखेर काढावा’ किंवा ‘विहिरीतील गाळ मेअखेर काढावा असे ग्रामसभेने ठरवले’ असे लिहावे.

‘ग्रामसभेने असे ठरवले की…’ ही रचनाही शुद्ध आहे, कारण तेथे ‘असे’ पुढे येणाऱ्या मजकुराकडे बोट दाखवते. मात्र ‘गाळ काढावा की असे ठरवले’ यात दोन्ही शब्द एकाच सांध्यावर आल्यामुळे ‘की’ काढलाच पाहिजे. ‘ग्रामसभेने गाळ काढावा असे ठरवले’ हेही चालते. परंतु मधला मजकूर लांबला, तर कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते व ‘ग्रामसभेने’ हा शब्द ‘काढावा’चा कर्ता वाटू लागतो, म्हणून तेथे मी ‘की’च निवडतो.