हृदयस्नायू म्हणजे रबर नव्हे: फ्रँक-स्टार्लिंग नियम समजून घेताना या चुका टाळा

व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे जवनिकेत, आकुंचनापूर्वी जितके जास्त रक्त भरते तितके जास्त रक्त पुढच्या ठोक्याला बाहेर पडते, हे वाक्य शरीरक्रियाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ओटो फ्रँकने 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि अर्नेस्ट स्टार्लिंगने सहकाऱ्यांसह 1914 मध्ये कुत्र्याच्या हृदय-फुफ्फुस रचनेवर केलेल्या प्रयोगांतून ते उभे राहिले. तोंडी परीक्षेत मात्र ‘असे का होते?’ एवढे विचारले की पुढची दहा मिनिटे मी त्याच त्या चुका ऐकत बसतो. त्यांतल्या दोन चुकांवर माझा विशेष राग आहे, कारण पहिली मी स्वतः अनेक वर्षे शिकवली आणि दुसरी हुशार विद्यार्थीही करतात.

पहिली चूक रबराची. ‘सर, स्नायू जास्त ताणला की रबरासारखा जोरात परत येतो,’ हे उत्तर इतके सोपे आहे की ते कोणालाही तपासून पाहावेसे वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गात खिशातून रबरबँड काढून ताणून दाखवत असे आणि विद्यार्थी समाधानाने माना डोलवत. एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वही घेऊन टेबलापाशी आली. तिने वहीत दोनच आकडे लिहिले होते: 10 आणि 100. व्हेंट्रिकल भरत असताना त्यातला दाब अखेरीस फार तर 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो आणि रक्त बाहेर फेकताना तो सुमारे 100 असतो. ‘समजा 20 मिलिलिटर जास्तीचे रक्त आत आले,’ ती म्हणाली, ‘तर ते आत येताना भिंतीत फार तर 20 गुणिले 10, म्हणजे 200 इतकी ऊर्जा साठली. तेच रक्त बाहेर टाकायला 20 गुणिले 100, म्हणजे 2000 लागली. रबर घेतले त्याच्या दहापट परत कसे देते, सर?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून रबरबँड खिशात ठेवणे मी बंद केले आणि तोच हिशेब आता दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मांडतो. रबर जितके काम घेते त्याहून किंचित कमीच परत देते. हृदय मात्र कित्येक पटींनी जास्त देते, म्हणजे ही जास्तीची ऊर्जा ताणातून आलेली नाही, ती एटीपी जाळून आलेली आहे. ताण ही ऊर्जा पुरवत नाही, ती किती मोकळी होणार हे ठरवतो. स्टार्लिंगच्या मांडणीचा गाभाही हाच आहे: आकुंचनात मोकळी होणारी ऊर्जा स्नायुतंतूच्या आकुंचनापूर्वीच्या लांबीवर अवलंबून असते. रबराची उपमा द्यायचीच असेल तर ती हृदयाच्या दुसऱ्याच कामाला शोभते. आकुंचनात नैसर्गिक लांबीपेक्षा आखडलेला तंतू सैल होताना उसळून परत लांब होतो आणि भरण्याच्या सुरुवातीला रक्त आत ओढायला मदत करतो. म्हणजे लवचिकता रक्त आत घेताना कामी येते, आणि विद्यार्थी तिचे श्रेय रक्त बाहेर फेकण्याला देऊन मोकळे होतात.

रबर सोडून दिलेला विद्यार्थी लगेच दुसऱ्या टोकाला जातो आणि कंकालस्नायूच्या धड्यातला लांबी-ताण आलेख जसाच्या तसा हृदयावर चिकटवतो. ‘अ‍ॅक्टिन आणि मायोसिन तंतू एकमेकांवर योग्य तेवढे येतात, म्हणून बल वाढते,’ असे तो सांगतो. हे चूक नाही, पण अपुरे आहे. बेडकाच्या कंकालस्नायूत सार्कोमिअर, म्हणजे तंतूतला आकुंचन पावणारा सर्वांत छोटा घटक, 2.0 वरून 1.7 मायक्रोमीटरपर्यंत आखडला तरी बल कमाल बलाच्या साधारण चार-पंचमांश उरते. हृदयस्नायूत मात्र 2.2 वरून 1.8 पर्यंत येईपर्यंत बल याहून कितीतरी वेगाने कोसळते. तंतूंच्या रचनेत एवढा मोठा फरक पडत नसताना बलात तो पडतो, तेव्हा दुसरे काहीतरी घडत असले पाहिजे.

ते दुसरे काहीतरी म्हणजे कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलता. सार्कोमिअर लांबला की तेवढ्याच कॅल्शियमला तंतू जास्त जोराने प्रतिसाद देतात. ट्रोपोनिन कॅल्शियमला अधिक घट्ट धरतो आणि अ‍ॅक्टिनला जोडले जाणारे मायोसिनचे शेंडे वाढतात. तंतू लांबताना त्यांच्यामधले आडवे अंतर कमी होणे आणि टायटिन हे स्प्रिंगसारखे प्रथिन ताणले जाणे या दोहोंचा यात वाटा मानला जातो, पण नेमका किती कोणाचा यावर अजून चर्चा चालू आहे, त्यामुळे ‘एकच कारण सांगा’ असा प्रश्न मी विचारत नाही आणि कोणी एकच कारण ठासून सांगितले तर गुणही देत नाही. 1982 मध्ये अ‍ॅलन आणि कुरिहारा यांनी दाखवलेली गोष्ट मात्र पक्की आहे: स्नायू ताणल्याबरोबर बल वाढते, पण पेशीतले कॅल्शियम त्या क्षणी वाढत नाही. ते पुढच्या काही मिनिटांत हळूहळू वाढते आणि बलाची दुसरी, सावकाश वाढ घडवते. स्टार्लिंगचा परिणाम म्हणजे ती पहिली, त्याच ठोक्याला दिसणारी वाढ. दोन्ही एकत्र कालवू नयेत.

कंकालस्नायूच्या आलेखाचा उजवीकडे उतरणारा भागही असाच उसना आणला जातो. ‘हृदय फार भरले की तंतू एकमेकांपासून सुटतात आणि म्हणून हार्ट फेल्युअर होते,’ हे वाक्य झटपट नोट्समध्ये इतक्या वेळा छापले गेले आहे की ते खोडून काढताना माझी लाल शाई संपते. टायटिन आणि भोवतालचे कोलॅजन यांच्यामुळे हृदयस्नायू फार लवकर ताठ होतो. दाब कितीही चढवला तरी सार्कोमिअर साधारण 2.3 मायक्रोमीटरच्या फारसा पुढे जात नाही. निकामी होत चाललेल्या हृदयात किती भरले आणि किती बाहेर पडले याचा वक्र सपाट झालेला असतो. तिथे आणखी रक्त भरूनही जास्त बाहेर पडत नाही, फक्त दाब चढतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते. कधी स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त, खरोखर घटलाच, तर आधी फुगलेल्या भिंतीवरचा वाढलेला ताण आणि ताणलेल्या झडपेतून मागे गळणारे रक्त पाहावे. सार्कोमिअरला दोष देण्याची घाई करू नये.

आता माझी दुसरी आवडती चूक: ‘फिलिंग वाढले, म्हणजे कॉन्ट्रॅक्टिलिटी वाढली.’ बल वाढले हे खरे, परंतु कॉन्ट्रॅक्टिलिटी हा शब्द आपण त्याच लांबीला आणि त्याच विरोधी दाबाला बल बदलले तरच वापरतो. हे शब्दांत समजावून उपयोग होत नाही, म्हणून मी विद्यार्थ्याला कागद देतो आणि तीन ठोके लिहायला लावतो. पहिला, विश्रांतीतला: भरून 120 मिलिलिटर, आकुंचनानंतर शिल्लक 50, म्हणून बाहेर 70. दुसऱ्यात आडव्या माणसाचे पाय वर उचलून हृदयाकडे जास्त रक्त आणले: भरून 140, आणि महारोहिणीतला दाब तोच धरला तर शिल्लक पुन्हा 50, बाहेर 90. तिसऱ्यात फिलिंग न वाढवता अ‍ॅड्रेनॅलिन दिले: भरून 120, शिल्लक 30, बाहेर 90.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यात बाहेर पडलेले रक्त अगदी सारखे आहे, आणि नेमका इथेच घाईचा विद्यार्थी फसतो, कारण तो फक्त शेवटचा आकडा पाहतो. मी शिल्लक पाहायला सांगतो. दुसऱ्या ठोक्यात हृदयाने जास्त आलेले रक्त बाहेर टाकले आणि जुन्या शिल्लकीवरच थांबले. ते आपल्याच वक्रावर पुढे सरकले. तिसऱ्यात त्याने शिल्लकीतही हात घातला, म्हणजे वक्रच वर गेला. जिवंत माणसात पाय उचलल्यावर महारोहिणीतला दाबही जरा वाढतो, म्हणून शिल्लक 50 वरून थोडी वर जाते आणि फायदा पूर्ण 20 मिलिलिटरचा राहत नाही. हा बारकावा विद्यार्थ्याने आपणहून सांगितला तर मी पुढचा प्रश्न विचारत नाही.

याच तीन ठोक्यांवरून आणखी एक गैरसमज जातो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी बाहेर पडलेला वाटा, पहिल्यात 58 टक्के, दुसऱ्यात 64 आणि तिसऱ्यात 75 आहे. म्हणजे औषध न देता, नुसत्या भरण्याने ते वाढले. त्याला कॉन्ट्रॅक्टिलिटीचे माप समजू नये.

अवेळी पडलेल्या ठोक्यानंतरचा जोरदार ठोका हे स्टार्लिंगचे निखळ उदाहरण म्हणून देऊ नये. लांबलेल्या विरामात जास्त रक्त भरते हे खरे, पण पेशीतही जास्त कॅल्शियम साठते, आणि दोन्हींचा परिणाम एकाच ठोक्यात मिसळतो.

दोन व्हेंट्रिकल विसरू नयेत. उजवे दर ठोक्याला 71 आणि डावे 70 मिलिलिटर टाकू लागले, तर मिनिटाला 70 ठोक्यांच्या हिशेबाने पंधरा मिनिटांत लिटरभर जास्तीचे रक्त फुफ्फुसांत अडकेल. तसे होत नाही, कारण तो एक मिलिलिटर डाव्या बाजूला जास्त भरतो आणि पुढच्या काही ठोक्यांत डावे व्हेंट्रिकलही 71 वर येते. नियमाचे रोजचे काम हे आहे. व्यायामातली वाढ मुख्यतः हृदयाच्या वेगाने आणि चेतासंस्थेमुळे होते.

शेवटची चूक दाबाला लांबी समजण्याची. तंतूला लांबी कळते, आपण मात्र मोजतो दाब, आणि दोन्हींचे नाते सरळ रेषेचे नाही. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने जाड झालेल्या व्हेंट्रिकलमध्ये आतला दाब 20 असूनही आकारमान बेताचेच असू शकते. त्याहून बोलके उदाहरण हृदयावरणात द्रव साचून हृदय दाबले जाते तेव्हाचे. आत 20 मिलिमीटर दाब दिसतो म्हणून विद्यार्थी ‘प्रीलोड भरपूर आहे’ असे लिहितो. बाहेरून 18 मिलिमीटरचा दाब भिंतीवर पडत आहे हे त्याच्या ध्यानी येत नाही. भिंतीला ताणणारा दाब उरतो केवळ 2, सार्कोमिअर आखूड राहतो आणि स्ट्रोक व्हॉल्यूम घसरतो, म्हणून दाबाचा आकडा वहीत उतरवण्यापूर्वी मी त्याच्या शेजारी बाहेरच्या दाबासाठी एक मोकळी चौकट आखायला लावतो.